लहान बाळांच्या कपड्यांच्या दुकानाचा व्हिडिओ काढायचाय? शूटिंगच्या आधी हे तयार ठेवा

सोलापुरात नवी पेठेत किंवा होटगी रोडला ज्यांची लहान मुलांच्या कपड्यांची, खेळण्यांची दुकानं आहेत आणि ज्यांना आता व्हिडिओ टाकायचाय त्यांच्यासाठी लिहितोय. मी दुकानांचे व्हिडिओ काढून देतो, त्यामुळे हे सगळं कॅमेऱ्याच्या बाजूने बघितलेलं आहे. नवीन आईबाप व्हिडिओ बघताना तीनच गोष्टी शोधतात, कापड बाळाला टोचणार नाही ना, कुणाच्या बारशाला काय न्यायचं, आणि साईज चुकली तर बदलून मिळतंय का. या तिन्हीचं उत्तर बोलून नाही तर हातात धरून दाखवायचं, म्हणून तयारी आदल्या दिवशीच करा, ऐनवेळी गिऱ्हाईक आलं की सगळं राहतं.

सगळ्यात आधी दोनच झबली निवडा. शंभर डिझाईन एकापाठोपाठ एक नाचवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यातून कापड कसलं आहे ते काही कळत नाही. एक साधं पांढरं किंवा फिकट रंगाचं होजिअरीचं झबलं घ्या आणि एक भडक लाल किंवा गडद निळं घ्या, कारण रंगाचा प्रश्न गडद कपड्यातच येतो. झबलं उलटं करून टेबलावर ठेवा आणि कॅमेरा आतल्या बाजूवर आणा. दुकानात गिऱ्हाईक बाहेरची नक्षी बघतं पण बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू, ओव्हरलॉकची शिवण जाड आहे का, मानेमागचं लेबल कडक आहे का, आणि समोर ससा किंवा हत्ती भरलेला असेल तर त्याच्या मागे तो खरखरीत कागदासारखा कॅनव्हास तसाच ठेवलाय का. तो असेल तर ते झबलं नवजात बाळासाठी दाखवूच नका, मोठ्या मुलाला आत बनियन घालून चालतंय. मोजे आणि हातमोजेही उलटे करून दाखवा, आतले सुटे धागे बाळाच्या बोटाभोवती गुंडाळले जाऊन रक्त अडतं, हे कितीतरी आयांना माहीत नसतं, त्यामुळे कात्रीने ते धागे कापून दाखवायचा शॉट नक्की घ्या. टिच बटणं ओढून बघा, हलली तर तो पीस बाजूला. गळ्याला नाडी असलेलं काहीही घेऊ नका, बाजूला बंद असलेलं जुन्या पद्धतीचं झबलं चांगलं, पण बंद आखूड असले पाहिजेत.

आता कापडाची खात्री. यासाठी एक पांढरा सुती रुमाल, वाटीभर पाणी, चिमटा, मेणबत्ती आणि स्टीलची ताटली तयार ठेवा. रुमालाचं टोक ओलं करून गडद झबल्याच्या आतल्या बाजूवर दहा-बारा वेळा घासा आणि रुमाल कॅमेऱ्यासमोर उघडा. रंग लागला तर तो माल व्हिडिओत नको आणि खरं म्हणजे त्या वयाच्या बाळांसाठी रॅकवरही नको, बाळ बाही तोंडात घालून चोखतं हे सगळ्यांना माहीत आहे. लोक विचारतातच, "ओ भाऊ, धुतल्यावर रंग जातंय का?" त्याचं उत्तर हा रुमाल देतो. मग कापडाचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख बोटात भुकटी होते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. मिक्स कापडात राखही असते आणि आत कडक कणही लागतात, तसं झालं तर "शंभर टक्के कॉटन" असं बोलू नका, लेबलवर जे छापलंय तेच बोला. धागा शिवणीचा घेऊ नका, कारण शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो आणि उगीच चांगलं कापड खोटं ठरतं. त्यासाठी एक पीस कापायला वेगळा ठेवा. पेटवण्याचं काम बाळांपासून आणि कपड्यांच्या ढिगापासून लांब, आणि व्हिडिओत स्पष्ट सांगा की घरी बाळाच्या खोलीत हे करू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, या दोन्ही तपासण्यांतून धागा कुठला आणि रंग पक्का का एवढंच कळतं, रंगात कुठलं केमिकल आहे ते कळत नाही. म्हणून "केमिकल फ्री", "शंभर टक्के सेफ" असं बोलायचं नाही. ज्या मालावर कापडातलं घातक केमिकल तपासणाऱ्या ओईको-टेक्सचं लेबल आहे तो माल वेगळा काढा, त्यावरचा नंबर त्यांच्या साईटवर टाकून बघता येतो आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांचा सगळ्यात कडक असा पहिला वर्ग असतो. लेबल नसलेल्या मालाबद्दल एवढंच सांगा की नवीन कपडा बाळाला घालण्याआधी साध्या साबणाने धुवून घ्या.

खेळण्यांच्या रॅककडे जाऊया. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यामुळे खुळखुळा हातात धरून नुसता वाजवू नका, खोक्यावरचा मार्क जवळून दाखवा. साध्या खेळण्यावर मार्कच्या वर IS 9873 असं असतं, सेलवर चालणाऱ्यावर IS 15644, आणि खाली CM/L ने सुरू होणारा नंबर असतो. तो नंबर BIS Care अ‍ॅपमध्ये Verify Licence Details इथे टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. ही स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा, फार बोलकी आहे. चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी सोलापुरात बरीच विकली जातात, त्यांच्यावर मार्क नसला तर घाबरायचं कारण नाही, नोंदणीकृत कारागिरांच्या मालाला सूट आहे, फक्त ज्याच्याकडून घेतलं त्याचं बिल आणि नोंदणीचा कागद तुमच्या फाईलला असू द्या. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एखादा सुटा भाग घशात अडकण्याएवढा आहे का हे तपासायची नळी सुमारे ३२ मिलिमीटर रुंद असते. दुकानात टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी वापरा, ती थोडी मोठी असते म्हणजे तपासणी जरा जास्तच कडक होते, आणि जे त्यातून खाली पडलं ते लहान बाळाच्या रॅकवरून काढा. बटन सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ते खेळणं व्हिडिओत अजिबात नको, तो सेल गिळला तर अन्ननलिका जळते.

आणि हे फार लोकांना माहीत नसतं, दुधाची बाटली फ्रेममध्ये येऊ देऊ नका. बाळाचं दूध पावडर, फीडिंग बाटली यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, मागच्या शेल्फवर बाटल्या दिसत असतील तर कपड्याने झाका, आणि गिफ्ट हॅम्परमध्ये तर बाटली घालूच नका, "अमुक घेतलं तर बाटली फ्री" ही ऑफरही नको.

गिफ्टचा भाग एका उदाहरणाने दाखवा, तो लोकांना लगेच कळतो. समजा जानेवारीच्या शेवटी बाळ झालं, फेब्रुवारीत बारसं आहे आणि आत्या दुकानात येऊन म्हणते, "थंडी हाय की, ते जाड लोकरीचं द्या, एकदम छोटी साईज." नवजात साईज दीड-दोन महिन्यांत संपते आणि अशी झबली बारशात पाच-सहा जण देतात. तिला विचारा की बाळ तीन महिन्यांचं कधी होणार, उत्तर एप्रिल-मे, आणि तेव्हा सोलापुरात पारा चाळीसच्या वर असतो. म्हणजे तिने तीन ते सहा महिन्यांच्या साईजचं बिनबाह्यांचं मलमलचं झबलं न्यायला पाहिजे, टोपडं पातळ, आणि वर एखादं दुपटं. हा हिशोब व्हिडिओत बोटावर महिने मोजून दाखवा, फळ्यावर लिहू नका, मोजणं ऐकलं की बघणारा आपल्याकडचा हिशोब लगेच करतो. ज्यांना साईजची झंझटच नको त्यांना बाळाचा टोपीवाला टर्किश टॉवेल दाखवा, आपल्या गावचाच माल आहे. पण त्याच्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा वरच थांबला तर सॉफ्टनर जास्त आहे, दोनदा धुवावा लागेल तेव्हा पाणी शोषेल, हे सांगून विका. लूप बोटाने ओढल्यावर सहज निघत असेल तर तो पीस परत पाठवा. बाळंतविडा हवा असणाऱ्यांसाठी झबलं, टोपडं, लंगोट, दुपटं आणि एक खुळखुळा असा सेट तयार बांधून ठेवा आणि किंमत तोंडाने सांगा, "किंमत मेसेजमध्ये" म्हटलं की लोक पुढे जातात.

आता बदलून देण्याचं. आधी तुमच्या बिलबुकावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का आहे का बघा, असेल तर व्हिडिओआधी तो काढा. माल खराब निघाला आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यवहार धरलं जातं. साईज बदलून देणं हा तुमचा स्वतःचा शब्द, त्याची मुदत तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर पंधरा दिवस कमी आहेत, बारशाचं गिफ्ट आई महिनाभर उघडतच नाही, निदान पंचेचाळीस दिवस द्या. गिफ्टसोबत किंमत नसलेली चिठ्ठी द्या, त्यावर बिल नंबर, वस्तू आणि शेवटची तारीख, म्हणजे आईला कुणालाही न विचारता बदलता येईल आणि देणाऱ्याने किती रुपयांचं दिलं तेही कळणार नाही. ५२० चं झबलं देऊन ६१० चं नेलं तर वरचे ९० रुपये घ्या, उलट झालं तर राहिलेल्या रकमेची चिठ्ठी द्या, दोन्ही व्हिडिओत करून दाखवा. लंगोट, टीदर, धुतलेला कपडा बदलून मिळणार नाही, हेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगा, फक्त तो पीस सदोष असेल तर वेगळं.

शूटिंगचं थोडक्यात. मोबाईल उभा धरा, लेन्स पुसा, दुकान उघडायच्या आधी करा, नंतर रिक्षांच्या हॉर्नमध्ये आवाज हरवतो. कॉलरचा माईक लावा. ट्यूबलाईटमध्ये स्क्रीनवर पट्टे दिसत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० करा. झबल्याचा रंग खऱ्यासारखा दिसतोय का ते पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून बघा, नाहीतर ऑनलाईन बघून आलेला माणूस दुकानात रंगावरून भांडतो. खरं बाळ लागत नाही, बाहुलीवर घाला. आणि अपलोड करायच्या आधी काउंटरवरच्या पोरांना हाच व्हिडिओ दाखवा, बदलून द्यायची मुदत आणि चिठ्ठी कशी लिहायची ते त्यांच्याकडून एकदा लिहून घ्या, कारण चिठ्ठी घेऊन येणारी आई मालकाला नाही, त्यांनाच भेटणार आहे.