प्रोबेशन आणि कन्फर्मेशनच्या तारखा शीटमध्ये काढताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सहा महिन्यांचे 180 दिवस धरणं. लेटरमध्ये महिने लिहिले असतील तर महिनेच मोजा. 1 जुलै 2024 ला जॉइन झालेल्याचं सहा महिन्यांचं प्रोबेशन 31 डिसेंबरला संपतं, पण जॉइनिंगमध्ये 180 मिळवले की शीट 28 डिसेंबर दाखवते. म्हणून EDATE वापरायचं आणि त्यातून 1 वजा करायचा, कारण जॉइनिंगचा दिवस पण प्रोबेशनमध्ये धरला जातो. वजा न करता जी येते ती कन्फर्मेशनची तारीख, इथे 1 जानेवारी.

खरा घोळ होतो तो एक्स्टेंशनला. बहुतेक जण जुन्या शेवटच्या तारखेत पुढचे महिने मिळवतात आणि तिथेच फसतात. समजा जॉइनिंग 1 सप्टेंबर 2024, म्हणजे प्रोबेशन 28 फेब्रुवारी 2025 पर्यंत, मग तीन महिने वाढवले. 28 फेब्रुवारीवर EDATE लावला की 28 मे येतं, बरोबर तारीख आहे 31 मे, म्हणजे माणसाचे तीन दिवस गेले आणि कन्फर्मेशन लेटरवर पण चुकीची तारीख छापली जाणार. त्यामुळे कितीही वेळा वाढवलं तरी मोजायचं जॉइनिंगपासूनच. C मध्ये जॉइनिंग, D मध्ये मूळ महिने, E मध्ये एक्स्टेंशनचे एकूण महिने आणि F मध्ये हे:

```
=EDATE(C2,D2+E2)-1
```

D आणि E मध्ये नुसता आकडा हवा, "6 महिने" असं टाइप केलं की #VALUE! येणारच. आणि F मधली तारीख हाताने कधीच बदलू नका, नाहीतर फॉर्म्युला उडतो आणि मूळ मुदत काय होती तेही कळत नाही.

दुसऱ्या सिस्टीममधून कॉपी केलेल्या तारखा आधी तपासा. सेटिंग अमेरिकन असेल तर 05/06/2024 ही 5 जूनऐवजी 6 मे होते आणि 13/06/2024 टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटून बसते. काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर फक्त डावीकडच्या दुरुस्त करून थांबू नका, उजवीकडच्याच जास्त धोक्याच्या, कारण त्या बरोबर वाटतात. तो सगळा कॉलम दिवस-महिना-वर्ष असं सेटिंग करून परत घ्या.

शेवटचं म्हणजे मुदत संपली की माणूस कन्फर्म झाला असं शीटने स्वतःहून ठरवू नये, ते लेटरमधल्या भाषेवर अवलंबून असतं. G मध्ये कन्फर्मेशन लेटर दिल्याची तारीख ठेवा आणि स्टेटस असं काढा:

```
=IF(G2<>"","कन्फर्म",IF(F2<TODAY(),"मुदत संपली",IF(F2-TODAY()<=30,"रिव्ह्यू घ्या","चालू")))
```

"मुदत संपली" दिसलं की आधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. प्रोबेशनची कमाल मर्यादा त्यात लिहिलेली असेल आणि ती उलटून गेली असेल तर माणूस आपोआप कन्फर्म झाला असा दावा होऊ शकतो, म्हणून एक्स्टेंशनचं लेटर F मधल्या तारखेच्या आधीच हातात पडलं पाहिजे, मागची तारीख टाकून नंतर देऊ नका.