ऑफर लेटरचं मराठी करताना: पगार, नोटीस पिरियड आणि प्रोबेशन आईवडिलांना नेमकं कसं कळेल

माझ्या पहिल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी शब्दकोश घेऊन बसलो आणि 'परिवीक्षा कालावधी', 'सूचना कालावधी', 'एकूण वार्षिक मोबदला' असं सगळं शुद्ध मराठीत लिहून अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे हातात किती? आणि पक्की कधी?" एवढी मेहनत करूनही त्यांना लागणारी एकही गोष्ट त्या कागदावर नव्हती. त्यानंतर बहिणीची, मावसभावांची, शेजारच्या मुलांची अशी बरीच पत्रं मी मराठीत आणली आहेत. 'प्रत्येक शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधा' हा सल्ला अजूनही दिला जातो, तो सरळ बाजूला ठेवा. कोण, कोणाला, किती आणि कधी देणार, आणि ते कोणाच्या मर्जीवर आहे, एवढं प्रत्येक वाक्यातून कळलं पाहिजे.

पत्र छापून घ्या आणि मागे जोडलेला पगाराचा तक्ता सोबत आहे ना ते बघा. तो नसेल तर कंपनीकडून मागवून घ्या, त्याच्याशिवाय सुरुवात करू नका.

पगार

सीटीसीला 'पगार' म्हणू नका. 'तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा सगळा खर्च' असं लिहा. त्यातला काही पैसा हातात येतो, काही साठतो, काही कदाचित मिळतो आणि काही कधीच तुमच्यापर्यंत येत नाही. म्हणून तक्त्यातल्या ओळी आहेत त्या क्रमाने उतरवू नका, त्यांचे हे चार गट करा.

पुण्यातल्या एका नेहमीच्या पत्राचं उदाहरण घेऊ. सीटीसी वर्षाला ६,००,००० रुपये. घरी लगेच बाराने भागून 'महिना पन्नास हजार' असा हिशोब होतो. तक्ता मात्र असा आहे: बेसिक ३,००,०००, घरभाडे भत्ता १,२०,०००, विशेष भत्ता ७८,०००, कंपनीचा पीएफमधला वाटा २१,६००, ग्रॅच्युइटी १४,४३०, आरोग्य विम्याचा हप्ता ५,९७० आणि व्हेरिएबल ६०,०००.

पहिल्या तीन रकमाच दरमहा पगारात येतात. त्यांची बेरीज ४,९८,०००, म्हणजे महिन्याला ४१,५००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ जातो. ही कंपनी १५,००० रुपयांच्या मर्यादेवर १२ टक्के धरते, म्हणून १,८००. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. नव्या करपद्धतीत एवढ्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. खात्यात येणार ३९,५००. पन्नास हजार आणि हा आकडा यांत १०,५०० रुपयांचा फरक आहे, आणि घरी हप्त्याचा विचार चाललेला असतो तो पन्नास हजारांवर.

आता मराठीत असं लिहा: 'दर महिन्याला खात्यात ३९,५०० येतील. पीएफमध्ये माझे १,८०० आणि कंपनीचे १,८०० असे ३,६०० दरमहा साठतील, ते माझ्या नावावर राहतील. वर्षाचे ६०,००० काम आणि कंपनीचा नफा बघून मिळतील, पूर्ण मिळतीलच असं नाही. ठरावीक मुदतीचा करार नसेल तर ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावर हातात येते. विम्याचा हप्ता कंपनी परस्पर भरते.' आईला एवढ्यावर हिशोब मांडता येतो. व्हेरिएबलच्या ओळीत 'बोनस' हा शब्द टाळा. आपल्या घरात बोनस म्हणजे दिवाळीला ठरलेला पैसा.

नोटीस आणि प्रोबेशन: इथे घाई करू नका

पगारात चुकलात तर पहिल्या महिन्याच्या स्लिपवर कळतं. इथली चूक वर्षभर लपून राहते आणि नोकरी सोडायच्या वेळी वर येते. मीही इथेच अडकलो होतो.

माझ्या पत्रात प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, आणि कंपनीला योग्य वाटल्यास ते आणखी सहा महिने वाढवता येईल, लेखी पत्र मिळेपर्यंत ते चालूच आहे असं समजलं जाईल, असं कलम होतं. मी मराठीत लिहिलं, 'सहा महिन्यांनंतर कायम केले जाईल.' अण्णांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केलेली. त्यांच्यासाठी 'कायम' म्हणजे आता कोणी काढू शकत नाही. त्यांनी गावी सगळ्यांना सांगितलं. सातव्या महिन्यात मला मुदतवाढीचं पत्र आलं आणि माझ्या हातून काहीतरी मोठी चूक झाली असं ते धरून बसले. कंपनीने पत्राबाहेरचं काहीच केलं नव्हतं. वाक्य माझं चुकलं होतं.

त्यात दोन चुका होत्या. पहिली, 'कायम' हा शब्द. खाजगी कंपनीत कन्फर्मेशन झालं तरी नोटीस देऊन काढता येतं, फक्त नोटिशीचे दिवस बदलतात. म्हणून 'कायम', 'पक्की', 'पर्मनंट' यांतलं काहीही लिहू नका. 'प्रोबेशन संपल्याचं पत्र' असं लिहा. दुसरी चूक 'केले जाईल' ही. मराठीत ही रचना फार सोयीची आहे आणि करारात फार धोक्याची, कारण तिच्यात करणारा दिसत नाही. 'मुदत वाढवली जाईल', 'रक्कम वसूल केली जाईल', 'रजा समायोजित केली जाईल': वाढवणार कोण, कोणाकडून वसूल करणार, कोणाच्या सांगण्यावरून? प्रत्येक वाक्य 'कंपनी' किंवा 'मी' यांनी सुरू करायचं, असा नियमच करून टाका. वाक्य ओबडधोबड होईल, होऊ द्या.

त्याच्याच जोडीला क्रियापद बघा. इंग्रजीत 'शॅल' असेल तर ते बंधन आहे, तिथे 'द्यावेच लागेल' असं लिहा. 'मे' असेल तर ती मुभा आहे, तिथे 'देऊ शकते, नाहीही देणार' असं पूर्ण लिहा. दोन्हींसाठी नुसतं 'देईल' लिहिलंत तर कंपनीची मुभा घरच्यांना वचन वाटते. आणि 'अ‍ॅट द सोल डिस्क्रिशन ऑफ द कंपनी' हे शब्द दिसले की त्याचं एकच मराठी करा: 'हे फक्त कंपनी ठरवणार, माझी संमती लागणार नाही.' 'कंपनीच्या विवेकाधीन' असं लिहिणाऱ्याने ते लपवलंच म्हणायचं.

'नोटीस' शब्दालाही सांभाळा. घरात नोटीस म्हटलं की कोर्टाची किंवा बँकेची आठवते. 'राजीनामा दिल्यावर आणखी इतके दिवस काम करावं लागेल' आणि 'कंपनीने काढलं तर इतके दिवस आधी सांगेल' अशी दोन वाक्यं वेगवेगळी लिहा. एकत्र लिहू नका, कारण दोन्ही बाजूंचे दिवस सारखेच असतील असं नाही. मावसभावाच्या पत्रात प्रोबेशनमध्ये कंपनी १५ दिवसांत काढू शकत होती आणि त्याला मात्र ३० दिवस द्यायचे होते. प्रोबेशननंतर दोघांनाही ९० दिवस. म्हणजे एकूण चार आकडे, आणि पत्रात ते दोन कलमांत, मध्ये एक पान सोडून होते. मी चार घरांचा छोटा तक्ता काढून दिला: आडवं 'मी सोडली तर' आणि 'कंपनीने काढलं तर', उभं 'प्रोबेशनमध्ये' आणि 'नंतर'. एखादं घर रिकामं राहिलं तर पत्र त्याबद्दल गप्प आहे असं समजा आणि तो प्रश्न कंपनीला विचारा. अंदाजाने भरू नका.

यातला पैशाचा भाग 'इन लू ऑफ नोटीस' या शब्दांत असतो. अर्थ एवढाच की दिवस भरले नाहीत तर त्या दिवसांचे पैसे भरायचे. पण कशावर मोजून? वरच्याच पगारात ९० दिवसांपैकी ३० दिवस भरून निघालात, तर ६० दिवसांचे बेसिकवर ५०,००० होतात आणि पूर्ण मासिक पगारावर ८३,०००. ३३,००० रुपयांचा फरक एका शब्दाने पडतो. पत्रात 'बेसिक' आहे की 'ग्रॉस' ते बघा आणि मराठीत रुपयांतच लिहा. पैसे भरले की कंपनीला मला सोडावंच लागेल, की तेही कंपनीच्या मर्जीवर आहे, हे पुढच्या ओळीत असतं. बऱ्याच पत्रांत ते मर्जीवर असतं, आणि मग पैसे तयार असूनही कार्यमुक्तीचं पत्र अडू शकतं. 'कार्यमुक्ती' हा शब्द मात्र बिनधास्त वापरा, सरकारी नोकरीतल्या वडिलांना तो नेमका कळतो.

तपासणी

मराठी कागदावर प्रत्येक वाक्यापुढे मूळ कलमाचा क्रमांक टाका. सही इंग्रजी पत्रावर होते, त्यामुळे शंका आली तर बोट तिथेच ठेवता आलं पाहिजे.

मग 'कळलं का' असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. प्रसंग घाला: "अण्णा, मी पाचव्या महिन्यात सोडली तर काय होईल? दोन वर्षांनी दुसरीकडून बोलावणं आलं आणि त्यांना महिन्याभरात हवा असेन तर?" त्यांनी कागद बघून दिवस आणि रुपये सांगितले पाहिजेत. उत्तर चुकलं तर त्यांना समजावत बसू नका, वाक्य बदला आणि पुन्हा विचारा. बहिणीच्या वेळी नोटिशीचं वाक्य मी तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा आईने वाचलं आणि विचारलं, "नव्वद दिवस तिला, मग नवी कंपनी तोवर थांबेल का रे?" पत्रावर हाच प्रश्न विचारायचा होता. बहिणीने तो त्याच संध्याकाळी मेलने पाठवला, आणि होकार कळवायच्या तारखेआधी नोटीस साठ दिवसांवर आणल्याचं लेखी उत्तर मिळालं.