अप्पांना ऑफर लेटर मराठीत सांगताना

माझं ऑफर लेटर आलं तेव्हा ग्रॅच्युइटीला मी सरकारी शब्द वापरला: उपदान. दिंडोरीकडे द्राक्षबाग सांभाळणाऱ्या अप्पांनी लगेच विचारलं, "शेततळ्याला मिळालं तसलं अनुदान का?" तेव्हा कळलं, शब्दाला शब्द देऊन भागत नाही. पैसा कोण भरतं आणि हातात कधी येतो, ते सांगावं लागतं.

सुरुवात सीटीसीपासून करा. मी विचारलं, "छाटणीच्या मजुराला 400 रुपये रोज दिला, वर पेठहून आणायचं गाडीभाडं आणि चहापाणी धरून 80 गेले, तर मजूर कितीला पडला?" "480ला." तशीच मी कंपनीला वर्षाला 4,80,000ला पडते. म्हणजे सीटीसी हा पगार नव्हे, कंपनीला पडणारा खर्च.

आता त्याला 12ने भागा आणि कोऱ्या कागदावर वर 40,000 लिहा. शेजारी मूळ पगार, म्हणजे बेसिक, लिहून ठेवा. माझा 20,000 आहे. पुढचे दोन्ही हिशोब त्यावरच होतात.

प्रॉव्हिडंट फंडाला नुसतं 'फंड' म्हणा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जन्म गेलेली माणसंही तेच म्हणतात. मूळ पगाराच्या 12 टक्के, म्हणजे 2,400, कंपनी भरते आणि तेवढेच माझ्या पगारातून कापले जातात. अनेक कंपन्या स्वतःचा वाटाही सीटीसीत धरतात, म्हणून फंड दोनदा वजा होताना दिसतो. पासबुकात मात्र फंडाचे पूर्ण 4,800 दिसतीलच असं नाही. जो आधीपासून पेन्शन योजनेत आहे, त्याच्या कंपनीच्या वाट्यातले 1,250 पेन्शनच्या खात्यात जातात आणि फंडात महिन्याला 3,550 जमतात.

खरी गल्लत ग्रॅच्युइटीत होते. तिला मी 'नोकरी सोडताना मिळणारी रक्कम' म्हणते. पत्रात मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे 962 रुपये, दरमहा धरलेले असतात, पण ते कुठल्याच महिन्यात मिळत नाहीत. कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं भरावी लागतात. नंतर शेवटचा मूळ पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. मूळ पगार 20,000च राहिला तर पाच वर्षांचे सुमारे 57,692 होतात. तिसऱ्या वर्षी नोकरी बदलली तर ही रक्कम हिशोबात धरू नका, हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगा.

आता वजाबाकी. 40,000मधून कंपनीचा फंड 2,400 आणि ग्रॅच्युइटी 962 गेली की 36,638 उरतात. पगाराच्या स्लिपवर 'ग्रॉस' म्हणून हाच आकडा दिसतो. त्यातून माझा फंड 2,400 आणि व्यवसाय कर 200 कापला की हातात 34,038.

अप्पांच्या वहीत मी एवढा शेवटचाच आकडा लिहिला. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तेव्हा शंभर कमी का आले, हेही त्याच ओळीखाली लिहून ठेवलंय.