सिनियरने मेलवर ओळख करून दिली, मग मी नऊ दिवस वाट पाहत बसलो

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक दादा भेटले, माझ्यापेक्षा सहा बॅच पुढचे. चार-पाच मेसेजेसचीच ओळख. तरी त्यांनी माझ्या नोकरीसाठी पुण्यातल्या एका टीम लीडला मेल टाकला, मलाही त्यात घेतलं. मी लगेच फोनवरूनच आभार मानले आणि सोयाबीनच्या सोंगणीला लागलो. आता तिकडूनच बोलावणं येईल, असं धरून चाललो होतो.

नवव्या दिवशी दादांना विचारलं, "त्यांचं काही आलं का?"

"तू त्यांना काय लिहिलं, ते दाखव बरं."

स्क्रीनशॉट काढताना दिसलं. मी `Reply` दाबलं होतं, `Reply all` नाही. मेल दादांनी पाठवलेला, म्हणून `To` मध्ये एकटे दादाच. टीम लीडच्या बाजूने पाहिलं, तर ज्याच्यासाठी दादांनी शब्द टाकला तो पोरगा नऊ दिवस गप्प होता.

इथे नीट लक्ष द्या. ओळख करून दिली की दादांचं काम संपलं, पुढचं पहिलं पत्र तुमचंच, आणि तेही एका दिवसाच्या आत. `Reply all` करा, टीम लीडचा पत्ता `To` मध्ये ठेवा आणि दादांना `Bcc` मध्ये टाका, म्हणजे पुढची वेळ ठरवाठरवी त्यांच्या इनबॉक्समध्ये येत नाही. मजकूर चार ओळींचा पुरे. पहिल्या ओळीत दादांचे आभार आणि त्यांना `Bcc` मध्ये घेतल्याचं सांगा. मग तुम्ही काय केलंय ते एका वाक्यात, बोलण्यासाठी दोन वेळा, आणि सोबत रिझ्युमेची पीडीएफ.

"दादांनी माझी शिफारस केली आहे" असं मात्र चुकूनही लिहू नका. त्यांनी फक्त ओळख करून दिली. उद्या कोणी त्यांना विचारलं, "या मुलाचं काम कसं आहे?" तर पाच मेसेजेसवरून ते काय सांगणार? ग्रुपवर फिरणारे तयार मसुदे मला म्हणूनच पटत नाहीत, त्यात हेच वाक्य ठोकलेलं असतं.

उत्तर नाही आलं, तर घाबरू नका, माणसं कामात असतात. पाच-सहा कामाचे दिवस जाऊ द्या, त्याच मेलखाली दोन ओळी लिहा. आणखी आठवड्याने एकदा, मग थांबा. त्यासाठी दादांना टोचू नका.

मी उशिराबद्दल एका ओळीत माफी मागितली, नेटवर्कची कहाणी लावली नाही. टीम लीड पंधरा मिनिटं बोलले. मुलाखती सुरू झाल्या होत्या, जागा गेली. त्याच संध्याकाळी दादांना तसं कळवलं.

दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःहून दुसरी ओळख करून दिली. या वेळी पाठवायच्या आधी `To` ची ओळ मी बोट लावून वाचली.