पूर्ण कवळी कशी सांभाळावी: बसवल्याच्या दिवसापासून रिलायनिंगपर्यंत

अक्कलकोट रोडकडच्या एक मावशी जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, दवाखान्यात आल्या. विड्या वळण्यात आयुष्य गेलेलं, वय सदुसष्ट. आदल्या मे महिन्यात त्यांना वर-खाली पूर्ण कवळी बसवली होती. "डॉक्टर, तवा चांगली बसली होती. आता खालची लई हलायलीय की ओ. पावडर घालून घालून डबा संपायलाय." पिशवीतून त्यांनी कवळी काढली, ती एका कागदात गुंडाळलेली होती. रात्री कुठे ठेवता, असं विचारलं, तर म्हणाल्या, "तोंडातच. चोरी झाली तर?"

या दोन-तीन वाक्यांत कवळीची जवळपास सगळी दुखणी आली. त्यांच्याच क्रमाने सांगतो.

पहिले पंधरा दिवस

नवी कवळी बसवली की तोंडाला ती आधी घासासारखी वाटते. त्यामुळे लाळ भरपूर सुटते, टाळूला मळमळल्यासारखं होतं, जिभेला जागा कमी पडते. लाळेचा पूर साधारण दोन-चार दिवसांत ओसरतो. बोलताना 'स', 'श', 'फ' अडखळतात. त्यासाठी घरात रोज दहा-पंधरा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं. नातवंडं हसतील, पण हाच व्यायाम कामाला येतो.

जेवण सुरुवातीला मऊ ठेवा: मऊ भात, मुगाची खिचडी, आमटीत कुस्करलेली ताजी ज्वारीची भाकरी. आपली सोलापुरी कडक भाकरी आणि ऊस पहिल्या महिन्यात नकोच. घास लहान घ्या आणि समोरच्या दातांनी तोडू नका. समोर चावलं की वरची कवळी मागून सुटते आणि खाली पडते. घास हाताने तोडून जिभेने मागे घ्या आणि एकाच वेळी दोन्ही बाजूंनी चावा. एका बाजूने चावलं की दुसऱ्या बाजूची कवळी उचलली जाते.

वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थराने धरलेली असते, म्हणून ती लवकर जमते. खालच्या कवळीला तेवढा आधार नसतो. ती जिभेने आणि गालाच्या स्नायूंनी सांभाळायची असते. जीभ पुढे, खालच्या दातांना टेकवून ठेवायची सवय लावली की ती बरीच स्थिर होते. याला पंधरा दिवस नाही, दीड-दोन महिनेही लागू शकतात. बीपीच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि मग चांगली कवळीही सैल वाटते. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते कवळीच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

जखम होते ती बहुतेक कवळीच्या कडेला, नाहीतर जिथे हाड टोकदार आहे तिथे. इथे लोक हमखास एक चूक करतात. चार दिवस कवळी काढून ठेवतात, जखम बरी होते आणि मग दवाखान्यात येतात. तेव्हा डॉक्टरला नेमकं कुठे घासायचं ते दिसतच नाही. म्हणून फार दुखत असेल तर एक-दोन दिवस विश्रांती द्या, पण भेटीच्या आदल्या दिवसापासून कवळी घाला आणि ती घालूनच या. लाल खूण स्पष्ट दिसली की डॉक्टर नेमका तेवढाच भाग घासतात. कानस किंवा ब्लेडने घरी घासू नका. एक मिलिमीटर जास्त गेलं तर कडेतून हवा शिरते आणि कवळी धरत नाही.

रोजची सफाई, पायरीपायरीने

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून नुसत्या पाण्याने धुवा. शेंगाचटणीचा बारीक भुगा आणि तीळ तिच्याखाली अडकले की हिरडीला वाळूसारखे टोचतात. मुख्य सफाई रात्री झोपताना करायची.

1. बेसिनमध्ये थोडं पाणी भरा किंवा टॉवेल घाला. ओली कवळी साबणाने निसटते आणि फरशीवर पडली की मधोमध दुभंगते.
2. कवळीसाठीचा ब्रश किंवा मऊ ब्रश घ्या. त्यावर भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण किंवा साधा हात धुण्याचा साबण लावा. टूथपेस्ट नको. तिच्यातले कण प्लास्टिकवर बारीक ओरखडे पाडतात आणि त्या ओरखड्यांत घाण बसते. राख, मिश्री, रांगोळी याबद्दल तर बोलायलाच नको.
3. दातांपेक्षा आतली बाजू, म्हणजे हिरडीला टेकणारी, जास्त घासा. चिकटवायची पावडर वापरत असाल तर ती रोज पूर्ण निघालीच पाहिजे.
4. मग हिरडी, टाळू आणि जीभ ओल्या मऊ कापडाने किंवा मऊ ब्रशने पुसून घ्या. दात गेले म्हणून तोंड साफ करणं संपत नाही.
5. सफाईची गोळी कोमट पाण्यात टाकून कवळी त्यात पाकिटावर लिहिलेली वेळच ठेवा, मग नीट धुवा. गोळी ब्रशची जागा घेत नाही आणि ते पाणी तोंडात घ्यायचं नसतं. कवळीला आतून मऊ अस्तर असेल तर गोळी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

उकळतं पाणी कधीच नाही. कवळीचं अॅक्रिलिक उष्णतेने वाकतं आणि वाकलेली कवळी सरळ होत नाही. ब्लिचिंगच्या द्रावणाने गुलाबी रंग उडतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून बॅरलमध्ये साठवायचं किंवा बोअरचं वापरायचं. बोअरच्या जड पाण्याने कवळीवर पांढरा थर चढतो. तो चाकूने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास ठेवा, मग ब्रश करा. हे अधूनमधून पुरतं. कवळीत धातूची तार किंवा पट्टी असेल किंवा मऊ अस्तर असेल तर व्हिनेगर टाळा.

रात्री कुठे ठेवायची

रात्री कवळी काढायची. तिच्याखालच्या हिरडीला दिवसभर मोकळी हवा आणि लाळ मिळत नाही. रात्रीही झाकलेली राहिली तर टाळू लालभडक होतो आणि त्यावर बुरशी वाढते. मावशींच्या टाळूवर तेच होतं: कवळीच्या आकाराची, काठाकाठाने आखल्यासारखी लाली. दुखत नव्हतं, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता. ओठांचे कोपरे चिरलेले, ही दुसरी खूण.

काढलेली कवळी झाकणाच्या डब्यात साध्या थंड पाण्यात बुडवून ठेवा. अॅक्रिलिक थोडं पाणी धरून असतं. ते सुकलं की कवळी किंचित आकसते आणि सकाळी घट्ट किंवा वाकडी बसते. पाणी रोज बदला, नाहीतर बुरशीला तुम्हीच घर देता. डबा सकाळी धुवा. पेला वापरू नका. पेल्यातलं पाणी मोरीत ओतताना सोबत कवळीही जाते, हे मी दोन घरांत ऐकलंय. कागदात गुंडाळलेली कवळी सरळ कचऱ्यात जाते.

दात काढून त्याच दिवशी कवळी बसवली असेल तर मात्र पहिल्या दिवशी ती डॉक्टरांनी सांगेपर्यंत काढू नका. सूज आली तर परत बसणार नाही.

सैल होण्याचं कारण आणि रिलायनिंग

मावशींची कवळी मे महिन्यात नीट बसत होती. तीच कवळी जानेवारीत हलत होती, तेव्हा बिघडलं कुठे? कवळी तीच होती, जबडा बदलला होता. दात काढल्यावर तिथलं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, नंतर हळूहळू, पण थांबत नाही. खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा बरीच जास्त असते. कवळी आणि हिरडीमध्ये जागा पडते, कवळी डोलते आणि डोलणारी कवळी हाड आणखी झिजवते.

कसं ओळखावं? हसताना किंवा जांभई देताना वरची खाली येते. हुरड्याचे दाणे खालच्या कवळीखाली जातात. पूर्वी जिथे दुखत नव्हतं तिथे दुखू लागतं. आणि सर्वांत पक्की खूण म्हणजे चिकटवण्याच्या पावडरीचं प्रमाण महिन्याला वाढत जाणं. वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके क्रीम पुरत नसेल, तर ती कवळी मापाची राहिलेली नाही. क्रीमने पोकळी भरून काढणं म्हणजे मोठ्या चपलेत बोळे घालून चालणं. घरच्या गोंदाने किंवा झटपट चिकटणाऱ्या पदार्थाने भरू पाहणारेही भेटतात. तो थर निघत नाही आणि कवळी कायमची वाया जाते.

उपाय म्हणजे रिलायनिंग: दात तेच ठेवून हिरडीला टेकणाऱ्या बाजूला नव्या अॅक्रिलिकचं अस्तर द्यायचं. पण सुजलेल्या हिरडीचं माप घेतलं तर अस्तरही सुजलेल्या मापाचं होईल. म्हणून मावशींना आधी बुरशीचं औषध दिलं, रात्री कवळी काढायला लावली आणि आतून तात्पुरता मऊ थर दिला, जो दर काही दिवसांनी बदलला. दोन आठवड्यांनी लाली गेली.

मग खरं काम. खालच्या कवळीचा आतला थोडा भाग घासला, त्यात माप घ्यायचं मटेरियल भरलं आणि दात नेहमीसारखे मिटवून ठेवायला सांगितले. इथे घाई केली तर दात जुळत नाहीत. मग कवळी प्रयोगशाळेत गेली आणि मावशी एक दिवस दातांविना राहिल्या. त्या दिवशी आमटी-भाताची सोय आधीच करून ठेवावी. खुर्चीवर बसल्याबसल्या होणारं रिलायनिंगही असतं. त्यात एक दिवस वाचतो, पण ते मटेरियल थोडं खरखरीत होतं, तोंडात गरम लागतं आणि लवकर खराब होतं. प्रयोगशाळेतलं जास्त टिकतं.

रिलायनिंग सगळ्यालाच उपाय नाही. दात झिजून सपाट झाले असतील, तोंड मिटल्यावर हनुवटी वर येऊन चेहरा आखूड दिसत असेल किंवा कवळीला तडा गेला असेल, तर नवी कवळीच करावी. पाच वर्षं झाली की बदलायची का, हे तपासून घ्यावं.

मावशी आठ दिवसांनी परत आल्या. खाली उजवीकडे एक लाल खूण होती, ती घासली. अस्तर नवं म्हणजे कवळीही नवीच समजायची, पहिले दिवस पुन्हा मऊ खायचं. मिश्री त्यांनी सोडली नव्हती आणि तंबाखूने तोंडाच्या कॅन्सरची भीती असते, म्हणून एक गोष्ट कागदावर लिहून दिली: कवळी घासूनही जी जखम पंधरा दिवसांत भरत नाही, तिच्यासाठी थांबायचं नाही, लगेच यायचं. डब्याचं विचारलं, तर म्हणाल्या, "झाकणाचा आणलाय. उशाशी ठेवते. चोर आला तर डबा घेऊन पळंल, दात तर नाही न घालणार तो."