गणपतीच्या कमिटीचा व्हॉट्सॲप ग्रुप: निर्णय, पावत्या आणि फोटो हाताशी कसे ठेवावेत

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत मांडववाल्याला ॲडव्हान्स दोनदा गेला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "मांडव ३८ हजारांत होतोय, फायनल करू का?" त्याखाली सात अंगठे, दोन "चालेल" आणि एक "थोडं कमी होतंय का बघा ना". मग एकाचा वाढदिवस निघाला आणि केकची रांग लागली. संध्याकाळी अध्यक्षांनी दहा हजार पाठवले, रात्री खजिनदारांनीही. शेवटच्या बिलात हिशेब जुळला, पण पुढच्या वर्षी आम्ही आधी नियम केले आणि मगच वर्गणीला निघालो.

सुरुवात ग्रुप वेगळे करण्यापासून करा. सगळ्या रहिवाशांचा ग्रुप आरतीच्या वेळा आणि शुभेच्छांसाठी. कमिटीच्या आठ-दहा जणांचा दुसरा, तिथे सुप्रभातसुद्धा नको. या दुसऱ्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू नाही ना, हे पहिल्याच दिवशी बघा. ती चालू असेल तर जुलैतली बोलणी सप्टेंबरात सापडतीलच असं नाही.

आता निर्णय. अंगठ्याचा अर्थ "वाचलं" एवढाच, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. चर्चा कितीही होऊ दे, ती संपली की सचिवांनी एकच मेसेज टाकायचा:

"निर्णय क्र. ४: मांडव, ३६,५०० रुपये. ॲडव्हान्स १०,००० खजिनदार देणार, शनिवारपर्यंत. बाकी विसर्जनानंतर."

काय, किती, कोण, कधी. यातला "कोण" सुटला की दोघे पैसे देतात किंवा कुणीच देत नाही. हा मेसेज येईपर्यंत काहीच ठरलेलं नाही. निर्णय बदलला तर जुना मेसेज दुरुस्त करू नका, "निर्णय क्र. ९, क्र. ४ ऐवजी" असा नवा टाका.

मेसेज पिन करता येतो, पण एका वेळी तीनच, आणि तेही जास्तीत जास्त ३० दिवस. म्हणून पिनवर विसंबू नका, शोधण्यावर भर द्या. आपल्याकडे निम्मी कमिटी देवनागरीत लिहिते, निम्मी इंग्रजी अक्षरांत मराठी. सर्च मात्र टाइप केलेलंच शब्दशः शोधतो. म्हणून "निर्णय क्र." हे शब्द दरवेळी तसेच लिहायचे आणि फक्त सचिवांनी. पोल घेतलात तर "एकापेक्षा जास्त उत्तरं" ही सोय बंद करा आणि शेवटची वेळ लिहा. लोक नंतरही मत बदलू शकतात, त्यामुळे वेळ संपताच निकाल निर्णयाच्या मेसेजमध्ये उतरवा.

सगळ्यात जास्त घोळ पावत्यांचा. पेट्रोलपंपाची किंवा दुकानाच्या मशीनची चकचकीत पावती उष्णतेने उमटवलेली असते. खिशात, उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ती पुसट होत जाते. जनरेटरच्या डिझेलची पावती दिवाळीपर्यंत कोरी दिसू लागली तर नवल नाही. म्हणून पैसे दिले त्याच दिवशी फोटो टाकायचा, खाली ओळ लिहायची: कशासाठी, किती, कुणी दिले, रोख की यूपीआय. खजिनदारांनी त्याच फोटोला उत्तर देऊन नंबर द्यायचा, "पा. १७". तो नंबर पैसे देणाऱ्याने मूळ कागदावर पेनने लिहून कागद खजिनदारांच्या पाकिटात टाकायचा. फोटोला नंबर मिळाला नाही, तर तो खर्च वहीत चढलेलाच नाही.

यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. पैसे गेले एवढंच त्यातून कळतं. फुलांचे होते की बॅटऱ्यांचे, ते नाही. फुलवाला बिल देत नसेल तर साध्या कागदावर वस्तू, रक्कम आणि तारीख लिहून त्याची सही घ्या.

फोटोंचं काम सोपं आहे. ग्रुपवर साधा टाकलेला फोटो दाबून लहान होतो आणि पुढच्या वर्षीच्या बॅनरवर फाटलेला दिसतो. हवा तो फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा मंडळाच्या स्वतंत्र ईमेलवरून उघडलेल्या ऑनलाइन फोल्डरमध्ये टाका. कुणाच्या मुलाच्या खात्यावरचं फोल्डर नको. मुलगा नोकरीला बंगळूरला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

विसर्जनानंतरच्या रविवारी सचिव आणि खजिनदार वही आणि पाकीट घेऊन बसतात. गेल्या वर्षी ४१ नंबर होते आणि पाकिटात ४० कागद. पा. २९ कुठे? ग्रुपवर नंबर शोधल्यावर फोटो निघाला, खाली नाव होतं. त्या काकांनी शर्ट धुवायला टाकलेला नव्हता, नशीब.