चुकलेल्या शब्दावर नुसती फुली नको

मूल वाचताना चुकलं की आपण फुली मारतो, आणि नेमकं काय चुकलं ते नंतर आठवत नाही. उताऱ्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि चुकलेल्या शब्दाच्या डोक्यावर मुलाने उच्चारलेला शब्दच लिहा. ‘झाडाखाली’ला ‘झाडावर’ म्हणणारं मूल बहुधा अंदाजाने पुढे जातंय. ‘झाडखाली’ म्हणणाऱ्याचा काना सुटतोय. दोघांचा सराव वेगळा.

१. वेगही मोजायचा तर घड्याळ लावा आणि मिनिट झालं की मूल ज्या शब्दावर असेल त्या शब्दापाशी रेघ मारा. वाचन मात्र थांबवू नका.
२. समजा, रेघेपर्यंत ५८ शब्द, ६ चुका, म्हणजे मिनिटाला ५२ बरोबर.
३. स्वतःहून सुधारलेला शब्द चुकीत धरायचा नाही. शेजारी ‘सु’ लिहा.

घड्याळ मुलाला दिसू देऊ नका. दिसलं की ते विरामचिन्हं गिळत पळतं.